पाडव्याआधी स्वयंपाकघर: घराच्या नूतनीकरणाचा गँट चार्ट आणि त्यातील निर्णायक साखळी

घराचे काम काढले की ठेकेदार साधारणपणे एकच आकडा सांगतो: "दीड महिना धरा." हा आकडा खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी घरमालकाच्या हातात बहुधा काहीच नसते. गँट चार्ट, म्हणजे प्रत्येक काम तारखांच्या ओळीवर पट्टीने दाखवणारा तक्ता, त्यासाठीच काढायचा असतो. तो नीट काढला, तर काम संपायची तारीख कोणत्या चार-सहा कामांवर अवलंबून आहे आणि बाकीच्या कामांची घाई केली तरी काहीच पदरात का पडत नाही, हे काम सुरू होण्याआधीच कागदावर दिसते. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे.

पुण्यातील दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेऊ. त्याचे स्वयंपाकघर आणि दोनपैकी एक बाथरूम नव्याने करायचे आहे. ओटा नवा होणार आहे, ओट्याखाली ट्रॉल्या बसणार आहेत आणि वरची कपाटे जुनीच राहणार आहेत. सोसायटीची परवानगी मिळालेली आहे, मात्र रविवारी काम करता येत नाही. सोमवार, २ फेब्रुवारी २०२६ रोजी काम सुरू होणार असून १९ मार्चच्या गुढीपाडव्याला नव्या ओट्यावर स्वयंपाक व्हावा, अशी घरच्यांची इच्छा आहे.

पहिली पायरी: कामांची यादी, आणि तीत थांबण्याचे दिवसही

यादी करताना बहुतेक जण कारागीर हाताने जे करतो तेवढेच लिहितात, आणि तक्ता पहिल्या आठवड्यातच कोसळतो. नूतनीकरणात बराच काळ कोणीही काम करत नसते. प्लॅस्टरवर पाणी मारत किमान सात दिवस ठेवावे लागते. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर जाळी बंद करून पाणी साठवावे लागते आणि ४८ तासांनी खालच्या घराचे छत पाहावे लागते. ट्रॉल्या तर आपल्या घरात नव्हे, कारखान्यात तयार होतात. ही सगळी थांबण्याची कामे स्वतंत्र ओळीत लिहावीत, गवंड्याच्या कामात मिसळू नयेत.

त्यांना वेगळी ओळ देण्याचे आणखी एक कारण आहे. गवंड्याचे दिवस रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळून मोजायचे असतात, पण सिमेंट रविवारीही पाणी पिते आणि साठवलेले पाणी शिवजयंतीलाही साठलेलेच असते. म्हणजे एकाच तक्त्यात दोन कॅलेंडरे चालतात. अवधी लिहिताना तो "कामाचे दिवस" आहे की "सलग दिवस", हे प्रत्येक ओळीत नोंदवावे. कारखानदाराने सांगितलेले वीस दिवस बहुधा सलग असतात, पण ते माप घेतल्यापासून मोजायचे की नकाशा मंजूर करून ॲडव्हान्स दिल्यापासून, हे त्याला स्पष्ट विचारावे. आपल्या उदाहरणात या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात, असे धरले आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक कामाला एकच प्रश्न

यादी झाली की प्रत्येक ओळीसमोर लिहायचे: कोणते काम पूर्ण झाल्याशिवाय हे काम सुरूच होऊ शकत नाही? येथे सवयीने उत्तर देऊ नये. "आधी प्लंबर येतो, मग वायरमन" ही सवय झाली. तोडफोड झाल्यावर दोघेही एकाच दिवशी वेगवेगळ्या भिंतींवर झिऱ्या मारू शकतात. याउलट प्लॅस्टर मात्र दोघांचेही पाइप भिंतीत गेल्याशिवाय करता येत नाही, कारण एकदा बुजवलेली झिरी पुन्हा फोडावी लागते. सगळी कामे एकापाठोपाठ लावली, तर तक्ता विनाकारण लांबतो. अवलंबित्व लिहिलेच नाही, तर तो कागदावर आखूड होतो आणि प्रत्यक्षात फसतो.

आपल्या घराचा पहिला तक्ता असा होतो. तारखा पुढच्या पायरीत काढल्या आहेत, पण एकत्र पाहणे सोयीचे व्हावे म्हणून त्या येथेच दिल्या आहेत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १९ मार्चचा पाडवा या दोन सुट्ट्या धरल्या आहेत.

| क्र. | काम | अवधी | कशानंतर | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|---|---|
| १ | तोडफोड, राडारोडा उचलणे | ४ कामाचे | – | २ फेब्रु. | ५ फेब्रु. |
| २ | प्लंबिंग व पाइपांची दाब-चाचणी | ४ कामाचे | १ | ६ फेब्रु. | १० फेब्रु. |
| ३ | वायरिंगच्या झिऱ्या व पाइप | ३ कामाचे | १ | ६ फेब्रु. | ९ फेब्रु. |
| ४ | स्वयंपाकघराचे प्लॅस्टर | २ कामाचे | २, ३ | ११ फेब्रु. | १२ फेब्रु. |
| ५ | प्लॅस्टरवर पाणी मारणे | ७ सलग | ४ | १३ फेब्रु. | १९ फेब्रु. |
| ६ | ओटा व डॅडोच्या टाइल्स | ५ कामाचे | ५ | २० फेब्रु. | २५ फेब्रु. |
| ७ | ट्रॉल्यांचे अंतिम माप | १ कामाचा | ६ | २६ फेब्रु. | २६ फेब्रु. |
| ८ | कारखान्यात ट्रॉल्या तयार होणे | २० सलग | ७ | २७ फेब्रु. | १८ मार्च |
| ९ | बाथरूमचे वॉटरप्रूफिंग | ४ कामाचे | २ | ११ फेब्रु. | १४ फेब्रु. |
| १० | पाणी साठवून चाचणी | २ सलग | ९ | १५ फेब्रु. | १६ फेब्रु. |
| ११ | बाथरूमच्या टाइल्स | ६ कामाचे | १० | १७ फेब्रु. | २४ फेब्रु. |
| १२ | रंगकाम | ८ कामाचे | ६, ११ | २६ फेब्रु. | ६ मार्च |
| १३ | ट्रॉल्या बसवणे | ३ कामाचे | ८, १२ | २० मार्च | २३ मार्च |
| १४ | किरकोळ दुरुस्ती, साफसफाई | २ कामाचे | १३ | २४ मार्च | २५ मार्च |

नळ-कमोडची जोडणी रंगकामाबरोबरच उरकते, म्हणून तिला वेगळी ओळ दिलेली नाही.

तिसरी पायरी: तारखा काढणे आणि पट्ट्या रंगवणे

तारखा वरून खाली काढत जायच्या. नियम एकच आहे: एखाद्या कामाच्या आधी दोन-तीन कामे असतील, तर त्यांतले सर्वांत उशिरा संपणारे काम धरायचे. वायरिंग ९ तारखेला आणि प्लंबिंग १० तारखेला संपते, म्हणून प्लॅस्टर ११ तारखेलाच सुरू होते.

आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक दिवस धरून हा तक्ता उत्तम काढता येतो, आणि तो भिंतीवर चिकटवला की कारागीरही तो पाहतात. मात्र तारखा बदलू लागल्या की खोडरबर पुरत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये काम स्तंभ A मध्ये, अवधीचा नुसता आकडा B मध्ये, आधीची कामे C मध्ये, सुरुवात D मध्ये आणि शेवट E मध्ये ठेवावा. पहिल्या कामाची सुरुवात हाताने भरावी. सुट्ट्यांच्या तारखा वेगळ्या पानावर लिहून त्या रकान्यांना `Suttya` असे नाव द्यावे. प्लॅस्टरची ओळ पाचवी आणि पाणी मारण्याची ओळ सहावी असेल, तर सूत्रे अशी होतील:

```
D5: =WORKDAY.INTL(MAX(E3,E4),1,11,Suttya)
E5: =WORKDAY.INTL(D5-1,B5,11,Suttya)
D6: =E5+1
E6: =D6+B6-1
```

यातला 11 हा आकडा "फक्त रविवार सुट्टी" असे सांगतो. पाचवी ओळ कामाच्या दिवसांची आहे आणि सहावी सलग दिवसांची; दोन कॅलेंडरांचा फरक तो एवढाच. मग G1 पासून उजवीकडे रोजची एकेक तारीख भरावी, G2 पासूनचा सगळा चौकोन निवडावा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये पुढील नियम देऊन रंग निवडावा:

```
=AND(G$1>=$D2,G$1<=$E2)
```

पट्ट्या आपोआप उमटतात. सुरुवातीची तारीख किंवा एखादा अवधी बदलला की खालचे सगळे सरकते. मात्र D स्तंभात एक जरी तारीख हाताने दाबून लिहिली, तर साखळी तेथेच तुटते. तक्ता विनाकारण "वेळेत" दिसू लागला, तर सर्वांत आधी हेच तपासावे.

चौथी पायरी: निर्णायक साखळी शोधणे

हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात वापरात आणलेल्या तक्त्यांत पट्ट्या होत्या, पण कामांना जोडणारे बाण नव्हते. कोणती साखळी सगळ्या प्रकल्पाची लांबी ठरवते, हे मोजण्याची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील अभियंत्यांनी बांधली, आणि तीच आज क्रिटिकल पाथ म्हणून ओळखली जाते. म्हणून पट्ट्या काढून थांबू नये. शेवटाकडून मागे यावे.

शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारावे: हे काम याच तारखेला का सुरू होते, कोणी अडवले आहे? साफसफाईला ट्रॉल्या बसवण्याने अडवले आहे. बसवण्याला दोन कामांचा अडसर असू शकतो. पण रंगकाम ६ मार्चलाच संपले आहे, म्हणजे अडवणारा कारखाना आहे. कारखान्याला मापाने अडवले आहे, मापाला ओटा-डॅडोने, ओट्याला पाणी मारण्याने, त्याला प्लॅस्टरने, प्लॅस्टरला प्लंबिंगने आणि प्लंबिंगला तोडफोडीने. ही झाली निर्णायक साखळी. तिच्या पट्ट्या लाल कराव्यात.

लाल साखळीकडे नीट पाहिले तर कळते की २ फेब्रुवारी ते २५ मार्च या काळातले तब्बल सत्तावीस दिवस केवळ प्लॅस्टरवर पाणी मारण्यात आणि कारखान्यात गेले आहेत. रंगाऱ्याला मात्र ६ मार्चनंतर १८ मार्चपर्यंत दहा कामाच्या दिवसांची सवड आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली धुळवडीची सुट्टीही त्यातच सामावते. रंगासाठी दुप्पट माणसे लावून जास्त पैसे मोजले, तरी घर एक दिवसही लवकर तयार होणार नाही.

येथे एक खाचखळगा आहे. "ज्या कामाला शून्य सवड ते निर्णायक" अशी व्याख्या आपण सगळीकडे वाचतो, आणि कॅलेंडर एकच असेल तर ती बरोबरच आहे. आपल्या तक्त्यात ट्रॉल्या १८ मार्चला तयार होतात, १९ ला पाडव्याची सुट्टी आहे आणि बसवणे २० ला सुरू होते. म्हणजे कारखान्याला एका दिवसाचा उशीर झाला तरी काही बिघडत नाही, आणि तोच एक दिवस मागे सरकत तोडफोडीपर्यंत पोहोचतो. शून्य सवडीची चाळणी लावली, तर फक्त शेवटची दोन कामे निर्णायक ठरतील आणि खरी साखळी निसटेल. म्हणून दोन कॅलेंडरे असलेल्या तक्त्यात सवडीचा आकडा न पाहता "कोणी अडवले" हाच प्रश्न शेवटापासून पहिल्या कामापर्यंत विचारत यावे.

पाचवी पायरी: लाल साखळी आखूड करणे

पाडवा १९ मार्चला आणि काम संपते २५ ला. घाई कोठे करायची, हे आता ठाऊक आहे. सात दिवसांचे पाणी कमी करू नये. ती बचत पुढे भिंतीवरच्या भेगांतून वसूल होते. कारखान्याचे वीस दिवसही आपल्या हातात नाहीत. उरते ते कामांचे तुकडे पाडणे.

तोडफोडीचे चार दिवस म्हणजे प्रत्यक्षात दोन स्वयंपाकघराचे आणि दोन बाथरूमचे. प्लंबिंगचेही तसेच. वायरिंगचे दोन दिवस स्वयंपाकघरात जातात, एक बाथरूममध्ये. लाल साखळी स्वयंपाकघरातून जाते, तर त्याला बाथरूमसाठी थांबवायचे कशाला? शिवाय ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे माप कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि वरचा ग्रॅनाइट बसला की घेता येते. डॅडोच्या टाइल्स ओट्याच्या वर असतात, त्यांचा या मापाशी संबंध नाही. म्हणून सहाव्या कामाचे तीन दिवसांचा ओटा आणि दोन दिवसांचा डॅडो असे दोन भाग करावेत आणि माप फक्त ओट्याला बांधावे. वरची कपाटेही नवी असती, तर त्यांच्या मापाची वेगळी ओळ करून ती डॅडोनंतर लावावी लागली असती.

नवी साखळी अशी होते. स्वयंपाकघराची तोडफोड २ आणि ३ फेब्रुवारीला. तेथील प्लंबिंग आणि वायरिंग ४ आणि ५ ला, त्याच वेळी पलीकडे बाथरूमची तोडफोड. प्लॅस्टर ६ आणि ७ ला. पाणी ८ ते १४. ओटा १६, १७ आणि १८ ला. १९ ला शिवजयंती, म्हणून माप २० ला. कारखाना २१ फेब्रुवारी ते १२ मार्च. ट्रॉल्या १३, १४ आणि १६ मार्चला बसतात, साफसफाई १७ आणि १८ ला होते. पाडवा १९ ला. एकही माणूस वाढवला नाही, एक रुपयाही जास्त खर्च केला नाही. केवळ क्रम बदलला.

पहिल्या आराखड्यात शिवजयंती पाणी मारण्याच्या काळात आली होती, म्हणून तिने काही अडवले नव्हते. या आराखड्यात तीच सुट्टी एक दिवस खाते. माप घेणारा माणूस १९ ला यायला तयार असेल, तर तो दिवस परत मिळतो, म्हणून ही विनंती त्याला आधीच करून ठेवावी.

सहावी पायरी: एक गवंडी दोन ठिकाणी नसतो

हा आराखडा फसतो तो बहुधा येथे. नव्या क्रमात बाथरूमचे प्लंबिंग ६ आणि ७ फेब्रुवारीला, वॉटरप्रूफिंग ९ ते १२ ला आणि पाण्याची चाचणी १३ आणि १४ ला होते. म्हणजे सोमवारी, १६ फेब्रुवारीला, बाथरूमही टाइल्ससाठी तयार आहे आणि स्वयंपाकघरही ओट्यासाठी. गवंडी एकच आहे. कामांच्या तर्कात हा अडसर कोठेच दिसत नाही, कारण टाइल्सचा आणि ओट्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. अडसर आहे तो माणसाचा. म्हणून तक्त्यात आणखी एक स्तंभ करून प्रत्येक ओळीत कारागिराचे नाव लिहावे आणि एकाच नावाच्या दोन पट्ट्या एका तारखेवर येतात का, हे उभ्या रेषेत पाहावे.

गवंड्याला स्वतःहून निवडू दिले, तर तो सहसा मोठे काम आधी उरकतो. समजा, त्याने बाथरूमच्या टाइल्स आधी घेतल्या: १६, १७, १८, २०, २१ आणि २३ फेब्रुवारी. मग ओटा २४ ते २६, माप २७ ला, कारखाना १९ मार्चपर्यंत, ट्रॉल्या २०, २१ आणि २३ ला आणि शेवट पुन्हा २५ मार्चला. तुकडे पाडून मिळवलेले सगळे दिवस एका सोमवारच्या निर्णयात गेले. म्हणून ओट्याची पट्टी आधी ठेवावी, बाथरूमच्या टाइल्सना "ओटा झाल्यावर" असे अवलंबित्व लिहून टाकावे आणि ते गवंड्याला आदल्या शनिवारी तोंडी सांगावे.

ओटा आधी घेतल्यावर बाथरूमच्या टाइल्स २० ते २६ फेब्रुवारी, डॅडो २७ आणि २८ ला आणि रंगकाम २ ते १० मार्च असे होते. धुळवडीची सुट्टी धरली तर ते ११ ला संपते, आणि १३ ला ट्रॉल्या बसायला सुरुवात होते. ज्या रंगाऱ्याला आधी दहा दिवसांची सवड होती, त्याला आता एकच दिवस उरला आहे. लाल साखळी आखूड केली की शेजारची साखळी लाल होऊ लागते. दर वेळी क्रम बदलल्यावर चौथी पायरी पुन्हा करायची, ती यासाठीच.

बाथरूमच्या बाजूला मात्र या क्रमाने एक चांगली गोष्ट केली आहे. चाचणी १४ फेब्रुवारीला संपते आणि टाइल्स २० ला सुरू होतात. पाणी भरताना भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारून ठेवावी. दोन दिवसांनी पाणी रेघेच्या बरेच खाली गेले असेल, किंवा खालच्या घराच्या छतावर ओल दिसली, तर १६ आणि १७ ला दुरुस्ती, १८ आणि १९ ला पुन्हा चाचणी करून २० ला टाइल्स लावता येतात. चाचणी एकदा फसली तरी पाडवा चुकत नाही, पण दुसऱ्यांदा फसली तर मात्र सगळे हलते.

सातवी पायरी: निर्णयांच्या तारखा आणि शनिवारची नोंद

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यातून घरमालकाच्या स्वतःच्या तारखाही निघतात. ट्रॉल्यांच्या लॅमिनेटचा रंग २० फेब्रुवारीपूर्वी ठरला नाही, तर माप होऊनही कारखान्याचे वीस दिवस सुरू होत नाहीत. ग्रॅनाइट १४ ला आणि बाथरूमच्या टाइल्स १८ ला घरात हव्यात. हे क्षण पट्टीने नव्हे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या खुणेने दाखवावेत. उशीर अनेकदा कारागिरापेक्षा अशा न घेतलेल्या निर्णयांमुळे होतो, आणि तो खुणेवाचून दिसत नाही.

काम सुरू झाल्यावर मूळ तक्त्याची एक प्रत न बदलता ठेवावी आणि दर शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या प्रतीत नोंद करावी. कारागिराला "किती टक्के झाले?" असे विचारू नये, "ऐंशी टक्के" हे उत्तर दोन आठवडे तसेच राहू शकते. "अजून किती दिवस लागतील?" असे विचारावे आणि तो आकडा त्या कामावर आधीच गेलेल्या दिवसांत मिळवून अवधीच्या रकान्यात भरावा. ७ फेब्रुवारीच्या शनिवारी प्लॅस्टर अर्धवट राहिले आणि ते सोमवारी संपले, तर पाणी मारणे १६ पर्यंत जाते, ओटा १७, १८ आणि २० ला, माप २१ ला, कारखाना १३ मार्चपर्यंत, आणि साफसफाईचा शेवटचा दिवस पाडव्याच्या पलीकडे २० ला जातो. हे ७ फेब्रुवारीलाच दिसते, म्हणून त्या शनिवारी गवंड्याला एक मदतनीस जास्त देऊन प्लॅस्टर रात्रीपूर्वी संपवणे परवडते. तोच मदतनीस मार्चमध्ये दिला, तर त्याच्या करण्यासारखे काही उरलेले नसते.